मेकॉले त्या दिवशी कुठे होता?

हे चित्र तुमच्या फोनमध्ये एकदा तरी येऊन गेले असेल. एका बाजूला गंभीर चेहऱ्याचा इंग्रज गृहस्थ, दुसऱ्या बाजूला जुन्या कागदासारखी पिवळट पार्श्वभूमी आणि तीवर टंकलेखन यंत्रावर उमटवल्यासारखा इंग्रजी मजकूर. कधी त्याचे मराठी भाषांतरही खाली जोडलेले असते. मजकुराचा आशय असा: मी भारताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही; इतके नीतिमान आणि संपन्न लोक आपण कधीच जिंकू शकणार नाही; त्यांचा कणा म्हणजे त्यांचे अध्यात्म आणि संस्कृती; तो मोडायचा तर त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलावी लागेल. तळाशी नाव आणि तारीख: लॉर्ड मेकॉले, ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषण, २ फेब्रुवारी १८३५.

थोरामोठ्यांच्या तोंडी घातलेली खोटी वाक्ये पैशाला पासरी मिळतात. आइन्स्टाइन, गांधीजी, विवेकानंद, पु. ल., व. पु. यांच्या नावावर रोज सकाळी काही ना काही खपवले जाते. पण त्यांतली बहुतेक चित्रे इतकी मोघम असतात की त्यांच्याकडून शिकण्यासारखे फारसे काही नसते. मेकॉलेचे चित्र वेगळे आहे. माणूस खरा, तारीख खरी, शिक्षणाचा विषयही खरा. या तीन खऱ्या गोष्टींच्या आधारावर एक खोटे भाषण उभे आहे आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. प्राध्यापकांच्या भाषणांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, दिवाळी अंकातल्या लेखात ते बिनदिक्कत येते. आपण ते जरा सावकाश उकलून पाहू.

असे चित्र आले की नजर आपोआप मोठ्या अक्षरांतल्या वाक्याकडे जाते. ती आधी तळाच्या ओळीकडे न्यावी. वाक्य खरे असते तेव्हा त्याला पत्ता असतो: कोणी म्हटले, केव्हा, कुठे आणि कोणापुढे. बनावट चित्रावर बहुधा फक्त पहिली गोष्ट, म्हणजे नाव असते, आणि नुसते नाव तपासता येत नाही. मेकॉलेच्या चित्रावर मात्र तारीखही आहे आणि जागाही. बनवणाऱ्याला वाटले असावे की तपशिलाने वजन येईल. ते आलेही. पण त्याच तपशिलाने आपल्याला धरायला जागा दिली.

थॉमस बॅबिंग्टन मेकॉले १८३० पासून ब्रिटिश लोकसभेचा, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सचा सदस्य होता. १८३३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदा सदस्याचे नवे पद निर्माण झाले. वर्षाला दहा हजार पौंड पगार होता, आणि मेकॉलेच्या घरची आर्थिक स्थिती तेव्हा बेताचीच होती. त्याने पद स्वीकारले, पार्लमेंटची जागा सोडली आणि १८३४ च्या आरंभी जहाजात बसला. १० जून १८३४ रोजी तो मद्रासला उतरला. गव्हर्नर जनरल बेंटिंक तेव्हा उटकमंडला होता, म्हणून मेकॉले पालखीत बसून सुमारे चारशे मैल माणसांच्या खांद्यांवरून डोंगरावर गेला, पावसाळा तिथेच काढला आणि त्यानंतर समुद्रमार्गे कलकत्त्याला पोचला. पुढे १८३८ मध्ये इंग्लंडला परतेपर्यंत त्याचा मुक्काम कलकत्त्यातच होता.

म्हणजे २ फेब्रुवारी १८३५ ला हा गृहस्थ कलकत्त्यात होता. लंडनच्या सभागृहात भाषण करणे त्याला शक्यच नव्हते. तो तेव्हा पार्लमेंटचा सदस्यही नव्हता. एखाद्याने त्याचे पत्र सभागृहात वाचून दाखवले असेल, अशी पळवाट कोणी काढलीच तर तीही बंद आहे, कारण कलकत्त्याहून निघालेली टपाल आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोचायला चार-पाच महिने लागत.

आता लंडनकडे पाहू. इथे तर मौजच आहे. १८३४ च्या डिसेंबरअखेर पार्लमेंट बरखास्त झाले होते. जानेवारीत सुरू झालेली सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली आणि नवे पार्लमेंट १९ फेब्रुवारी १८३५ रोजी भरले. २ फेब्रुवारीला पार्लमेंट नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. इमारत तरी होती का? १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा आगीत भस्मसात झाला होता. दोन्ही सभागृहे जळाली, आणि नव्या पार्लमेंटला उरलेल्या दालनांची डागडुजी करून बसवावे लागले. थोडक्यात, वक्ता हजारो मैल दूर, श्रोते अजून निवडून यायचे आणि सभागृहाची राख झालेली. यांपैकी एकच गोष्ट खरी असती तरी ते भाषण अशक्य ठरले असते. इथे तिन्ही खऱ्या आहेत.

तळाच्या ओळीत आणखी एक शब्द आहे, ‘लॉर्ड’. मेकॉलेला सरदारकी मिळाली १८५७ साली, म्हणजे चित्रावरच्या तारखेनंतर बावीस वर्षांनी. पुढे मिळालेली पदवी आधीच्या प्रसंगाला लावणे हा काही गुन्हा नाही, आपणही बोलताना तसे करतोच. पण त्या काळच्या कागदपत्रावरून उतरवलेल्या मजकुराखाली तो शब्द सहज येणार नाही. हा मजकूर कोणी मूळ नोंदीवरून नाही, तर आठवणीतून किंवा मनातून लिहिला आहे, एवढी शंका घ्यायला तो पुरेसा आहे. चेहऱ्याचेही असेच. मेकॉलेचा जन्म २५ ऑक्टोबर १८०० चा. चित्रावरच्या तारखेला तो चौतीस वर्षांचा होता. चित्रातला माणूस पांढऱ्या केसांचा असेल, आणि त्यातही तो छायाचित्रातला असेल, तर ती प्रतिमा नक्कीच नंतरची आहे, कारण छायाचित्रणाची पहिली जाहीर पद्धतच १८३९ साली जगापुढे आली. अर्थात चेहऱ्यावरून वाक्य खोटे ठरत नाही. खऱ्या वाक्याशेजारीही लोक हाताला लागेल तो फोटो चिकटवतात. या खुणा संशय घेण्यापुरत्या, निकाल देण्यासाठी नव्हेत.

निकालाला खरी मदत होते ती मजकुराच्या आतून. ‘हा देश आपण कधीच जिंकू शकणार नाही’ हे वाक्य १८३५ साली कोण म्हणेल? १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला. पुण्यात तोवर पुरती एक पिढी इंग्रजी अमलात वाढली होती. बंगाल तर प्लासीपासून, म्हणजे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या मुठीत होता. सिंध आणि रणजितसिंहाचा पंजाब हे मोठे प्रदेश अजून बाहेर होते हे खरे, पण कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्यात बसलेल्या माणसाला ‘हा देश जिंकायचा कसा’ असा प्रश्न पडणे म्हणजे वाजतगाजत लग्न लागल्यावर मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरवण्यासारखे आहे. त्याच्यापुढचा प्रश्न जिंकलेला देश चालवण्याचा होता.

आणि तो ‘एकही चोर दिसला नाही’ म्हणणारा माणूस भारतात कशासाठी आला होता? कायदे करण्यासाठी. पहिल्या विधी आयोगाचा तो अध्यक्ष झाला आणि १८३७ पर्यंत त्याने भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. तोच पुढे सुधारून १८६० मध्ये भारतीय दंडविधान म्हणून मंजूर झाला, १८६२ पासून लागू झाला आणि जून २०२४ अखेरपर्यंत आपल्या न्यायालयांत चालला. त्यात चोरी, जबरी चोरी, दरोडा यांवर किती बारकाईने कलमे आहेत हे कुठल्याही वकिलाला विचारा. चोर नसलेल्या देशासाठी कोणी इतकी मेहनत घेत नाही. देशभर फिरल्याचा दावाही तसाच. मद्रास ते निलगिरी आणि मग जहाजाने कलकत्ता, एवढाच तोवरचा त्याचा प्रवास. पुणे, काशी, दिल्ली, लाहोर यांतले काहीच त्या वाटेवर येत नाही.

मग २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आली कुठून? त्या दिवशी मेकॉलेने खरोखर काहीतरी लिहिले होते. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीला दरवर्षी निदान एक लाख रुपये शिक्षण आणि विद्येच्या प्रसारासाठी खर्च करायला सांगितले होते. हे पैसे संस्कृत-अरबी शिक्षणावर घालायचे की इंग्रजीवर, यावरून कलकत्त्याच्या सार्वजनिक शिक्षण समितीत उभी फूट पडली होती. पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या. समितीचा अध्यक्ष मेकॉले. त्याने इंग्रजीच्या बाजूने एक टिपण लिहून गव्हर्नर जनरलच्या मंडळापुढे ठेवले. आपले म्हणणे मान्य होणार नसेल तर समितीतून निवृत्त व्हायची परवानगी द्या, असेही त्यात शेवटी लिहिले. बेंटिंकने ७ मार्च १८३५ रोजी इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. हेच ते प्रसिद्ध ‘मेकॉलेचे टिपण’. ते छापील स्वरूपात मिळते, इंटरनेटवर पूर्ण उपलब्ध आहे आणि एका बैठकीत वाचून होते.

ते वाचल्यावर जो धक्का बसतो तो वेगळाच. चित्रातला मेकॉले भारताच्या संस्कृतीने दिपून गेला आहे आणि तिचे सामर्थ्य ओळखून ती नष्ट करायचा डाव आखतो आहे. टिपणातला मेकॉले तसा मुळीच नाही. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हे तो स्वतःच कबूल करतो, आणि लगेच त्या भाषांतले सगळे वाङ्मय युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाच्या एका फळीच्याही तोलाचे नाही असे ठणकावून सांगतो. इथला इतिहास, वैद्यक, भूगोल, ज्योतिष यांची तो टर उडवतो. रक्ताने हिंदी पण रुचीने आणि विचाराने इंग्रज असा दुभाष्यांचा वर्ग घडवावा, हे त्याचे म्हणणे त्याच टिपणातले. त्याला भारतीय संस्कृतीची भीती वाटत नव्हती, तिच्याविषयी तुच्छता होती. बनावट मजकूर अवमानाच्या जागी भीती आणि कौतुक घालतो. शत्रूनेच आपली थोरवी कबूल केली, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? या चित्राच्या लोकप्रियतेचे सगळे रहस्य या अदलाबदलीत आहे. आपण मेकॉलेवर चिडतो आणि त्याच वाक्यात त्याच्याकडून शाबासकीही घेतो.

हा मजकूर कुठून आला, याचा माग बेल्जियन लेखक कोनराड एल्स्ट यांनी घेतला आहे. एल्स्ट हिंदुत्ववादी वर्तुळात आदराने वाचले जाणारे लेखक आहेत, म्हणजे हे भाषण खरे ठरावे असे वाटणाऱ्यांपैकीच. त्यांना त्याचा उगम ‘द अवेकनिंग रे’ या नियतकालिकाच्या एका अंकात दिसला. तिथे या परिच्छेदाच्या आधी ‘त्याचे शब्द साधारण अशा आशयाचे होते’ अशी सूचना होती, असे ते नोंदवतात. एखाद्याने मेकॉलेच्या धोरणाचा आपल्याला लागलेला अर्थ आपल्या शब्दांत मांडला असावा, आणि पुढच्या नक्कल करणाऱ्याने आशयाची सूचना गाळून अवतरणचिन्हे घातली असावीत. त्यानंतरच्याने चेहरा जोडला की चित्र तयार.

हा प्रकार काही भारतातच घडतो असे नाही. तुझे मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन, या अर्थाचे वाक्य जगभर व्हॉल्तेअरच्या चित्राशेजारी छापले जाते. व्हॉल्तेअर वारला १७७८ मध्ये आणि ते वाक्य लिहिले गेले १९०६ मध्ये. एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने टॅलेंटायर या टोपणनावाने व्हॉल्तेअरच्या मित्रांवर एक पुस्तक लिहिले, त्यात त्याच्या वृत्तीचे सार म्हणून तिने ते घातले आणि त्याला अवतरणचिन्हे दिली. वाक्य माझे आहे, त्याचे नाही, असे तिने पुढे स्वतः स्पष्ट केले. त्या खुलाशाला फारसे कोणी विचारले नाही. खोटी अवतरणे बनवणारे सगळेच लबाड असतात असे नव्हे, बरेच जण सार सांगणारे असतात. लबाडी असो वा नसो, वाचणाऱ्यापर्यंत पोचते तेव्हा फरक उरत नाही.

आता तपासण्याची रीत. मजकुरातला सर्वांत ठळक, सहसा कोणी वापरणार नाही असा तुकडा निवडावा आणि अवतरणचिन्हांत घालून शोधावा. मराठी चित्र असेल तर आधी मूळ इंग्रजी मजकूर मिळवावा, कारण भाषांतरे शंभर असतात. मेकॉलेसाठी शोध असा लिहिता येईल:

```
"length and breadth of India" Macaulay 1835
```

हजारो निकाल येतील, पण संख्येला भुलू नये. पाहायचे असते ते वय. जुन्या पुस्तकांचा शोध घेणाऱ्या books.google.com वर हाच तुकडा टाकून काळाची मर्यादा एकोणिसाव्या शतकापुरती करावी. खऱ्या, गाजलेल्या भाषणाच्या खुणा त्याच काळातल्या छापील कागदांत सापडायला हव्यात. मेकॉलेचा भाचा जॉर्ज ऑटो ट्रेव्हेलियन याने १८७६ मध्ये त्याचे दोन खंडांचे चरित्र पत्रांसह छापले. त्यात भारतातली पत्रे आहेत, हे भाषण नाही. पार्लमेंटमध्ये काय बोलले गेले याचा वृत्तान्त ‘हॅन्सार्ड’ नावाने छापला जाई आणि १८०३ पासूनचा तो आज api.parliament.uk/historic-hansard येथे विनामूल्य वाचता येतो. तारखेनुसार उघडायचा. १८३५ च्या फेब्रुवारीत गेलात की पहिल्या अठरा दिवसांचे कामकाजच नाही, हे डोळ्यांनी दिसते. मेकॉलेचे भारतावरचे खरे गाजलेले भाषण हवे असेल तर ते १० जुलै १८३३ चे आहे, भारतात येण्यापूर्वीचे.

आणखी एक कसोटी मला स्वतःला फार उपयोगी वाटते, आणि तिला इंटरनेट लागत नाही. हे वाक्य खरे असते तर ते कोणी आधी वापरले असते? दादाभाई नवरोजींनी भारताच्या दारिद्र्याचा खटला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्याच कबुल्यांवर उभा केला. चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ पासून, केसरी १८८१ पासून. इंग्रजांच्या उर्मटपणाचा एकेक पुरावा वेचून काढणारी ही माणसे. खुद्द पार्लमेंटमध्ये, खुद्द मेकॉलेने असा कबुलीजबाब दिला असता, तर तो त्यांच्या हातून सुटला असता आणि दीडशे वर्षांनी एखाद्या फॉरवर्डमध्ये प्रथम सापडला असता, हे शक्य वाटत नाही.

या रीतीला मर्यादाही आहेत. शोधून सापडले नाही म्हणजे म्हटलेच नाही, असे सिद्ध होत नाही. खाजगी संभाषणे हरवतात, सगळी पत्रे छापली जात नाहीत. त्यामुळे बहुतेक चित्रांबाबत प्रामाणिक उत्तर ‘मूळ सापडत नाही’ एवढेच असते, आणि पुरावा देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर राहते. मेकॉलेच्या बाबतीत आपण ‘खोटे’ म्हणू शकतो ते दिवस आणि ठिकाण त्याच्या विरोधात जातात म्हणून. शिवाय चित्रे सुधारतात. कोणीतरी आक्षेप घेतला की पुढच्या आवृत्तीत ‘पार्लमेंट’ पुसले जाऊन ‘गव्हर्नर जनरलला पाठवलेले पत्र’ येते, किंवा तारीखच गायब होते. तेव्हा पुन्हा पत्त्यापासून सुरुवात करायची. त्या तारखेचा कागद म्हटला तर तो टिपणच आहे, आणि टिपणात हा मजकूर नाही. तारीख नसली तर ती विचारायची.

कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी हे चित्र टाकले तर त्याखाली नुसते ‘फेक’ असे लिहू नका. त्याने वाद होतो आणि चित्र पुढच्या ग्रुपवर जातेच. त्याऐवजी लिहा: ‘काका, त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता आणि पार्लमेंट १९ तारखेला भरले. त्या दिवशी त्याने खरे काय लिहिले ते सोबत पाठवतो.’ आणि टिपण पूर्ण पाठवा. मेकॉलेवर टीका करायला त्यात हवे तेवढे आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द त्याचा स्वतःचा आहे.